पाकळीचं क्षेत्रफळ दुप्पट येतंय, लिमिट्स कुठून कुठे घ्यायच्या? (वहीचा फोटो जोडलाय)

सेम२_ग्रस्त
मंडळी, एम-टू च्या असाइनमेंटमधला प्रश्न आहे. वहीत सरांनी काढलेलं चित्र आहे त्याचा फोटो टाकलाय, तीन पाकळ्यांचं फूल आहे आणि त्यातली एक पाकळी पेन्सिलने शेड केलीय, बाजूला r = 4 sin 3θ लिहिलंय आणि शेड केलेल्या भागाचं क्षेत्रफळ काढायचंय. मी विचार केला पूर्ण फूल म्हणजे पूर्ण फेरी, म्हणून 0 ते 2π घेतलं, सूत्र ½∫r² dθ, उत्तर आलं 8π. तीन पाकळ्या सारख्या म्हणून भागिले तीन, 8π/3. पण मागे उत्तर दिलंय 4π/3. म्हणजे बरोबर दुप्पट. इंटिग्रेशन तीनदा तपासलं, sin² चं सूत्र नीट वापरलंय, ½ पण विसरलो नाहीये. मग चूक कुठाय?

पक्या_सांगलीकर
सोप्पंय की. फोटोत शेड केलेली पाकळी उजवीकडे आडवी पडलीय, म्हणजे X अक्षावर. तिच्या दोन्ही बाजू अक्षापासून 30-30 अंशावर संपतात, लिमिट्स −π/6 ते π/6. क्षेत्रफळ 4π/3. उत्तर जुळलं, विषय संपला.

सेम२_ग्रस्त
पण दादा sin 3θ मध्ये θ = −π/6 टाकलं तर sin(−90°) येतं, म्हणजे r = −4. पाकळी संपते तिथे आपण मध्यबिंदूवर असायला पाहिजे ना, r शून्य यायला पाहिजे?

पक्या_सांगलीकर
अरे मग सरांनी cos च्या जागी sin लिहिलं असेल. उत्तर तर जुळतंय.

रेघ_आणि_वर्तुळ
सरांनी बरोबर लिहिलंय, फोटो आडवा आहे. वहीच्या रेघा बघा, फोटोत त्या उभ्या दिसतायत आणि समासाची लाल रेघ खाली आलीय. समास डावीकडे असतो, म्हणजे चित्र डावीकडे पाव फेरी फिरलंय. मोबाईल सरळ करून बघितलात की शेड केलेली पाकळी खाली लोंबताना दिसेल, आणि बाकीच्या दोन वर, एक उजवीकडे 30 अंशावर, एक डावीकडे 150 वर. हेच r = 4 sin 3θ. फिरवलेला फोटो हुबेहूब r = 4 cos 3θ सारखा दिसतो, म्हणून पक्यांची फसगत झाली. फिरवल्याने क्षेत्रफळ बदलत नाही त्यामुळे त्यांचं उत्तर जुळलं, पण पेपरात समीकरणापुढे −π/6 ते π/6 लिहिलं तर तपासणारा मार्क कापणार आणि त्याचं चुकणार नाही.

आता दुप्पट का येतंय ते. सूत्र विसरा थोडा वेळ, पेन कागदावर कुठे फिरतंय ते बघा. θ = 0 ला r शून्य, पेन मध्यावर. 30 अंशाला sin 90 म्हणजे r = 4, पाकळीचं टोक. 60 ला पुन्हा शून्य. झाली वरची उजवी पाकळी.

60 च्या पुढे r ऋण होतो. 90 अंशाला sin 270, म्हणजे r = −4. तोंड वर करून उभे आहात आणि चार पावलं मागे जायचंय, मग पोचता कुठे, तर खाली. म्हणजे θ वरच्या दिशेला असताना पेन खालची पाकळी काढतंय. 120 ला शून्य. मग 120 ते 180 मध्ये डावीकडची पाकळी, तिचं टोक 150 ला.

म्हणजे 180 अंशालाच तीनही पाकळ्या काढून झाल्या. पुढे 210 ला r = −4 येतो, तो बिंदू कुठला, तर 30 अंशावरचाच. पेन पहिल्या पाकळीवर दुसऱ्यांदा फिरायला लागलं. 0 ते 2π घेतलंत की अख्खं फूल दोनदा गिरवलं जातं, आणि सूत्रात r चा वर्ग असल्याने ऋण r सुद्धा अधिकच मोजला जातो, त्यामुळे दुसरी फेरी वजा होत नाही, बेरजेतच जाते. तुमचं इंटिग्रेशन बरोबर आहे, तुम्ही क्षेत्रफळ दोनदा मोजलंत.

सेम२_ग्रस्त
ओके ओके. म्हणजे 0 ते π घेतलं असतं तर 4π आणि भागिले तीन 4π/3. पण मग cos 2θ च्या फुलाला वर्गात 0 ते 2π घेतलं होतं आणि बरोबर आलं होतं त्याचं काय?

रेघ_आणि_वर्तुळ
तिथे चार पाकळ्या आहेत आणि त्या काढायला पेनला पूर्ण 360 लागतात, कुठलीच पाकळी दोनदा येत नाही. θ चा गुणक विषम असला की फूल π मध्ये संपतं, सम असला की 2π लागतात. पण हे पाठ करू नका, पाठ केलेलं ऐन पेपरात उलटं आठवतं. नजरेने तपासा. तुमचं फूल 4 त्रिज्येच्या वर्तुळात बसतं, त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ 16π. तुमचं पहिलं उत्तर 8π म्हणजे बरोबर अर्धं वर्तुळ. चित्रात बघा, तीन बारीक पाकळ्या आणि मधे केवढ्या मोकळ्या फटी, अर्धं वर्तुळ भरलंय असं वाटतं का? पाव भरलंय, 4π. चार पाकळ्यांचं असतं तेव्हा मात्र खरंच अर्धं भरतं.

शून्य_शोधक
एवढा पेनचा प्रवास कशाला करायचा, एक नियम पुरतो. r = 0 टाका, θ च्या किमती काढा, शेजारशेजारच्या दोन किमती म्हणजे लिमिट्स. sin 3θ = 0 म्हणजे 0, π/3, 2π/3, π. पहिली पाकळी 0 ते π/3. खेळ खल्लास. मी आख्खी डिग्री याच्यावर काढली.

पक्या_सांगलीकर
आणि cos 3θ ला पण 0 ते π/3 टाकलं तरी 4π/3 च येतं, आत्ताच करून बघितलं. म्हणजे लिमिट्सचं एवढं काय घेऊन बसलात.

रेघ_आणि_वर्तुळ
येतं, कारण 0 ते π/6 मध्ये उजव्या पाकळीचा वरचा अर्धा भाग येतो आणि π/6 ते π/3 मध्ये r ऋण असल्याने खालच्या डाव्या पाकळीचा अर्धा भाग. दोन वेगवेगळ्या पाकळ्यांचे दोन अर्धे मिळून एक. आकडा बरोबर, प्रदेश चुकीचा. पुढे जर प्रश्न आला की पाकळीतला आणि r = 2 वर्तुळाच्या बाहेरचा भाग काढा किंवा पाकळीचा सेंट्रॉइड काढा, की हे उघडं पडतं, सेंट्रॉइड तर भलतीकडेच जाईल.

मैथिली_नाशिक
मला तर त्याहून भारी उत्तर आलंय, शून्य 😄 चित्र दोन पाकळ्यांचं आहे, आडव्या 8 सारखं, r² = 9 cos 2θ. 0 ते 2π घेतलं तर क्षेत्रफळ 0. शून्य_शोधक यांच्या नियमाने गेले, cos 2θ = 0 म्हणजे π/4 आणि 3π/4, शेजारशेजारच्या किमती, तर उत्तर −4.5. आता ऋण क्षेत्रफळ कुठे ठेवू?

शून्य_शोधक
मायनस काढून टाका, 4.5 बरोबर आहे.

रेघ_आणि_वर्तुळ
आकडा बरोबर आहे, पण ज्या जागेचं क्षेत्रफळ काढलंत तिथे वक्रच नाहीये. π/4 ते 3π/4 मध्ये cos 2θ ऋण असतो, डावीकडे r² आहे, वर्ग ऋण कसा येईल? तिथे पेन कागदावर टेकतच नाही. चित्रात पण वर आणि खाली रिकामं आहे बघा. उजवी पाकळी −π/4 ते π/4, तिथून 4.5, डावी तेवढीच, एकूण 9. तुमचं शून्य यायचं कारण तेच, पाकळ्यांचे 9 अधिक झाले आणि रिकाम्या जागांचे 9 वजा.

r = 0 च्या किमती म्हणजे पाकळी कुठे बंद होते ते कळतं, एवढंच. दोन किमतींच्या मध्ये वक्र आहे की नाही, आणि असला तर चित्रातली नेमकी तीच पाकळी आहे का, हे मधली एक किंमत टाकून बघायलाच लागतं. मैथिली, तुम्ही θ = π/2 टाकून बघितलं असतंत तर r² = −9 आलं असतं आणि तिथेच थांबला असतात.

सेम२_ग्रस्त
मॅडम त्याच पानावर खाली बदाम पण आहे, r = 2(1 − sin θ). बदाम सिमेट्रिक आहे म्हणून मी अर्ध्याचं काढून दुप्पट केलं, 0 ते π. उत्तर 6π − 16. मागे दिलंय 6π. 16 कुठून वजा झाले कळत नाही.

शून्य_शोधक
इथे माझा नियम लावून बघ. r = 0 म्हणजे sin θ = 1, θ = π/2. पुढची किंमत थेट 5π/2. लिमिट्स π/2 ते 5π/2, म्हणजे पूर्ण फेरी, उत्तर 6π. नियम चालतो की नाही?

रेघ_आणि_वर्तुळ
इथे चालतो, कबूल.

बदामाचा अर्धा कुठला? बदाम डावी-उजवीकडे सिमेट्रिक आहे, त्याला दोन सारख्या भागांत कापणारी रेघ उभी. तुम्ही आडव्या रेषेने कापलात. 0 ते π म्हणजे X अक्षाच्या वरचा भाग, आणि या बदामाची खाच मध्यबिंदूवर आहे, वर येतात ते फक्त दोन छोटे गालफुगे, अक्षाच्या वर जेमतेम अर्धा युनिट. त्यांचं क्षेत्रफळ 3π − 8, साधारण 1.42. बाकीचं सगळं धड खाली, 3π + 8, साधारण 17.42. तुम्ही वरच्या चिमूटभर भागाची दुप्पट केलीत. उजवा अर्धा हवा असेल तर −π/2 ते π/2. तिथे 3π येतं, दुप्पट 6π, म्हणजे 18.85.

r = 2(1 + cos θ) असता तर 0 ते π बरोबर ठरलं असतं, कारण तो बदाम आडवा असतो. वर्गात बहुतेक तो सोडवून घेतात आणि मुलं तीच लिमिट्स इथे चिकटवतात. सिमेट्री वापरायच्या आधी कुठल्या रेषेभोवती आहे ते चित्रावर बोट ठेवून बघा. आणि आकडा आल्यावर पट्टी लावा, हा बदाम साडेचार युनिट उंच आणि पाच युनिटपेक्षा थोडा जास्त रुंद आहे, म्हणजे बाहेरची चौकट साधारण 23 ची. त्यात 18.85 बसतं. तुमचं 6π − 16 म्हणजे 2.85, एवढा मोठा बदाम पावणेतीन चौरस युनिटचा कसा असेल?

सेम२_ग्रस्त
आईशप्पथ, हे तपासलंच नव्हतं.

रेझिनवाली_ताई
मी गणितातली नाही पण बदामाचं बोलताय म्हणून विचारते. मी रेझिनचे ट्रे करते. एका गिऱ्हाइकाने बदामाचं स्केच काढून फोटो पाठवलाय, साच्यात 5 मिमी जाडीचं रेझिन ओतायचंय, किती मिली मिसळू? वरचं 6π वापरलं तर चालेल का, 2 च्या जागी माझं माप टाकून?

पक्या_सांगलीकर
ताई तुमचा बदाम 20 सेमी उंच असेल तर सरळ त्या प्रमाणात वाढवा, काय फरक पडतोय.

रेघ_आणि_वर्तुळ
पडतो हो. ताई, आमच्या समीकरणातला बदाम खाली गोल असतो, त्याला टोक नसतं, सफरचंदासारखा जास्त दिसतो. तुमच्या गिऱ्हाइकाने पत्त्यातल्या बदामासारखा टोकदार काढला असणार. त्याला सूत्र शोधत बसू नका, पोलरची कल्पना मात्र जशीच्या तशी वापरा. स्केच खऱ्या मापात प्रिंट करा, बदामाच्या आत मधोमध एक ठिपका द्या, कोनमापकाने दर 30 अंशावर रेघा मारा आणि ठिपक्यापासून कडेपर्यंत सेमीत मोजा. बारा मापं येतील. प्रत्येकाचा वर्ग करा, बेरीज करा, 0.2618 ने गुणा. हे 0.2618 म्हणजे 30 अंशाचे रेडियन, त्याचे निम्मे. प्रत्येक रेघ कड एकदाच ओलांडते ना तेवढं बघा, खाचेमुळे एखादी रेघ बाहेर जाऊन पुन्हा आत येत असेल तर ठिपका थोडा खाली सरकवा.

रेझिनवाली_ताई
केलं. खाचेकडे वर 6, खाली टोकाकडे 12. मधली मापं दोन्ही बाजूंना सारखीच आली, वरून खाली 9.5, 10.5, 9.5, 8.5, 9. वर्गांची बेरीज 1068, गुणल्यावर 279.6.

रेघ_आणि_वर्तुळ
म्हणजे साधारण 280 चौरस सेमी, जाडी अर्धा सेमी, 140 मिली. पण टोकापाशी हे थोडं जास्त मोजलं जातंय. तुमची 12 सेमीची एकच रेघ आजूबाजूच्या 15-15 अंशांचं प्रतिनिधित्व करतेय, आणि टोकापासून जरा बाजूला गेलं की माप झपकन कमी होतं. दर 15 अंशावर मोजलंत तर टोकाच्या शेजारी 10 च्या आसपास काहीतरी मिळेल. तेव्हा मापं चोवीस होतील आणि गुणायचं 0.1309 ने. खाचेपाशीही तेच, फक्त उलट, तिथे कमी मोजलं जातं.

आणि फोटोवरून प्रिंट काढलीय ना, मग फोटो वरून सरळ काढलेला आहे का? तिरका काढला असेल तर लांबची बाजू आखडते, बदाम बुटका होतो आणि क्षेत्रफळ कमी येतं, ते नंतर कुठल्याही लिमिट्सनी सुधारत नाही. फोटोत पट्टी आडवी आणि उभी दोन्हीकडे ठेवायला सांगा, दोन्हीकडे सेंटीमीटर सारखे दिसले तर फोटो सरळ. प्रिंट निम्म्या मापाची आली असेल तर क्षेत्रफळ दुप्पट नाही, चौपट करायचं.

रेझिनवाली_ताई
फोटो तिरकाच वाटतोय, कागदाचा वरचा काठ खालच्यापेक्षा आखूड दिसतोय. नवीन मागवते. तोवर 150 मिली मिसळायचं ठरवलंय, उरलं तर किचेन करीन.

मैथिली_नाशिक
मूळ प्रश्नावर येते. शेड केलेली पाकळी खालची आहे, मग पेपरात लिमिट्स π/3 ते 2π/3 लिहायच्या की 4π/3 ते 5π/3? पेन तर दोन्ही वेळा तीच काढतं.

रेघ_आणि_वर्तुळ
मी 4π/3 ते 5π/3 लिहिते. तिथे 3θ म्हणजे 4π ते 5π, sin अधिक, r अधिक, आणि कोनही खरोखर खालच्या बाजूचे, 240 ते 300 अंश. चित्र आणि लिमिट्स एकमेकांना दुजोरा देतात. ½∫16 sin² 3θ dθ मध्ये sin² ची सरासरी अर्धी, म्हणजे 8 गुणिले ½ गुणिले π/3, झालं 4π/3. π/3 ते 2π/3 ने आकडा तोच येतो, पण r ऋण आहे हे एका वाक्यात लिहायला लागेल, नाहीतर तपासणाऱ्याला वाटणार तुम्ही पोकळ जागेचं क्षेत्रफळ काढलंत.

शून्य_शोधक
आमच्या सरांकडे r ऋण चालतच नव्हता. r म्हणजे अंतर, अंतर ऋण कसं? ऋण येतं तिथे वक्र नाही, बस. तीन पाकळ्यांच्या फुलाला काही फरक पडत नाही, 0 ते 2π मध्ये r अधिक असतो ते तीनच तुकडे, तीन पाकळ्या एकेकदाच. या हिशोबाने ग्रस्तचा घोळ झालाच नसता.

मैथिली_नाशिक
मग cos 2θ ला? r अधिकच धरला तर दोनच पाकळ्या उरतात, उजवी आणि डावी. वरची-खालची गायब. आमच्याकडे चार काढून घेतात.

शून्य_शोधक
आमच्याकडे दोन काढल्या तरी मार्क मिळायचे.

रेघ_आणि_वर्तुळ
दोन्ही पद्धती वापरात आहेत. मी चार शिकवते, कारण आलेखाचं बहुतेक सॉफ्टवेअर चारच काढतं आणि मुलं घरी जाऊन तेच बघतात. पण ‘एका लूपचं क्षेत्रफळ’ विचारलं तर दोन्हीकडे उत्तर एकच येतं, वाद पूर्ण क्षेत्रफळ विचारलं की सुरू होतो. तुमच्या सरांनी वर्गात किती काढल्या ते बघा आणि तेच लिहा.

सेम२_ग्रस्त
आणि डबल इंटिग्रलने करायला सांगितलं तर? आतलं r चं 0 ते 4 sin 3θ आणि बाहेर π/3 ते 2π/3 घेतलं तर आतली वरची लिमिटच ऋण होते. तरी r²/2 मुळे उत्तर बरोबरच येतंय. हे लिहिलेलं चालेल का?

शून्य_शोधक
चालतं, आमच्या बॅचमध्ये सगळ्यांनी तसंच लिहिलं होतं.

मैथिली_नाशिक
अहो, आत्ताच म्हणालात ना r ऋण चालत नव्हता?